पावडरचे तेरा दिवस: खरेदी मंजुरीचा स्विमलेन नकाशा कसा काढायचा

व्हिडिओमध्ये फळ्यावर घाईघाईत काढलेला नकाशा तुम्ही पाहिलात. वेळेअभावी त्यात बरंच सुटलं. "सर, तो मधला बाण परत मागे का गेला?" हा प्रश्न पुष्कळांनी विचारला, म्हणून इथे तेच उदाहरण सावकाश मांडतो. हाताशी एक मोठा चार्ट पेपर, पेन्सिल आणि खोडरबर ठेवा. पेन नको, कारण खोडावं लागणारच आहे.

उदाहरण वसई पूर्वेतल्या वालीव भागातल्या एका गाळ्याचं आहे. नाव सांगत नाही, आकडेही थोडे गोल केलेत. इलेक्ट्रिक पॅनलचे पत्र्याचे बॉक्स बनवतात, माणसं अठरा. पत्रा कापणं, वाकवणं, वेल्डिंग आणि शेवटी पावडर कोटिंग, सगळं आतच होतं. एकदा कोटिंगची पावडर संपली आणि नवीन यायला तेरा दिवस लागले. ग्राहकाची तारीख चुकू नये म्हणून तयार बॉक्स बाहेरून जॉबवर्कवर कोटिंग करून घ्यावे लागले. त्यात साडेअकरा हजार रुपये जास्त गेले. मालक चिडले होते आणि त्यांच्या मते दोष खरेदी बघणाऱ्या ताईंचा होता. ताईंच्या मते स्टोअरवाल्या काकांचा. काकांच्या मते सुपरवायझरचा. सुपरवायझर कोणाचंच नाव घेत नव्हता, फक्त म्हणाला, "मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." गंमत म्हणजे चौघंही खरं बोलत होते!

मी मालकांना विचारलं, तुमच्याकडे खरेदी कशी मंजूर होते? त्यांनी एका दमात सांगितलं: प्रॉडक्शन मागणी देतं, स्टोअर स्टॉक बघतं, खरेदी तीन कोटेशन घेते, मी सही करतो, ऑर्डर जाते. "दोन दिवसांचं काम आहे."

हे त्यांच्या डोक्यातलं चित्र होतं. नकाशा काढताना पहिली चूक इथेच होते, आपण मालकाच्या डोक्यातलं चित्र कागदावर उतरवतो. असा नकाशा सुंदर दिसतो, भिंतीवर लागतो आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणून नियम असा ठेवा की नुकतीच झालेली एक खरी खरेदी घ्यायची आणि तिच्या मागे मागे जायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, इनवर्ड रजिस्टर, कोटेशनच्या ईमेलची वेळ, बँकेची एंट्री, सगळ्यांवर तारीख असते. माणसाची आठवण गोड असते, रजिस्टर तसं नसतं.

आता कागद घ्या. आडवा धरा आणि त्यावर आडव्या पट्ट्या आखा. पोहण्याच्या तलावात दोऱ्या लावून प्रत्येकाची पट्टी वेगळी केलेली असते ना, तशाच. म्हणून तर याला स्विमलेन म्हणतात. ही पद्धत लोकांपर्यंत पोचली ती मुख्यतः गिअरी रमलर आणि अ‍ॅलन ब्राश या दोन अमेरिकन सल्लागारांच्या १९९० सालच्या पुस्तकामुळे. त्यांचा भर एका साध्या गोष्टीवर होता. कंपनीच्या तक्त्यात खात्यांच्या चौकटी असतात, पण काम अडतं ते त्या चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा, आपल्याला ती कोरी जागाच दिसायला हवी आहे.

आमच्या उदाहरणात पाच लेन झाल्या: प्रॉडक्शन, स्टोअर, खरेदी, अकाउंट्स, मालक. सगळ्यात खाली सहावी, पुरवठादाराची. त्याच्या आत काय चालतं ते आपल्याला काढायचं नाही, फक्त त्याच्याकडे काय जातं आणि त्याच्याकडून काय येतं एवढंच.

इथे एक अडचण आली. खरेदी आणि अकाउंट्स दोन्ही त्या एकाच ताई बघतात. मग लेन एक की दोन? दोन. लेन माणसाची नसते, कामाच्या जबाबदारीची असते. ताई सकाळी भाव विचारतात तेव्हा त्या खरेदी असतात, दुपारी बिल भरतात तेव्हा अकाउंट्स. एकच लेन केलीत तर त्या दोन कामांमधली देवाणघेवाण नकाशातून गायब होते. आमच्या खरेदीत तर नेमकी तिथेच गाडी अडली होती. तुम्ही तिघंच असाल तरी लेन कामांप्रमाणे आखा आणि लेनच्या नावाखाली कंसात माणूस लिहा. दोन लेनखाली एकच नाव आलं तर घाबरू नका, पण ऑर्डर देणारा आणि आलेला माल मोजून घेणारा हे दोघं तरी वेगळे आहेत ना, हे बघा. इथे माल काका मोजतात, त्यामुळे निभावतं.

दुसरं, नकाशा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते आधी लिहा. आम्ही लिहिलं: सुरुवात म्हणजे 'पावडर कमी पडणार हे प्रॉडक्शनच्या लक्षात आलं', शेवट म्हणजे 'पुरवठादाराने ऑर्डर स्वीकारली'. हे ठरवलं नाहीत तर नकाशा माल उतरवणं, बिल, जीएसटी रिटर्न असा वाढत जातो आणि चार्ट पेपर पुरत नाही.

चिन्हं चारच पुरतात. सुरुवात आणि शेवट लांबट गोलात, प्रत्येक काम चौकोनात, निर्णय हिऱ्याच्या आकारात आणि जोडणारे बाण. चौकोनात क्रियापद असू द्या. नुसतं 'कोटेशन' लिहू नका, 'तीन ठिकाणी भाव विचारणे' लिहा. आणि बाणावर काय जातं तेही लिहा, कागद, फोन, व्हॉट्सअ‍ॅप की तोंडी निरोप. बाणावर काही लिहिता येत नसेल तर बहुतेक वेळा तिथे कोणी कोणाला काही देतच नसतं, दुसऱ्याला आपोआप कळेल असं पहिल्याने धरलेलं असतं.

आता आमची पावडर बघू. मागणी २०० किलोची, भाव किलोला २१० रुपये, म्हणजे ४२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी धरून ४९,५६०.

शनिवारी सकाळी सुपरवायझरने ग्रुपवर टाकलं, "ग्रे पावडर लागेल." काकांनी संध्याकाळी वाचलं. ग्रे म्हणजे कुठली? पॅनलसाठी आरएएल ७०३५ वापरतात, पण त्यात टेक्स्चर वेगळी आणि ग्लॉसी वेगळी. स्टोअरमध्ये ग्लॉसी होती, हवी होती टेक्स्चर. हे उलगडेपर्यंत रविवार उजाडला. रविवारी गाळा चालू, पण मुंबईचे पुरवठादार बंद. सोमवारी ताईंनी तिघांना फोन केले, मंगळवारी संध्याकाळपर्यंत तिन्ही भाव आले आणि कागद मालकांच्या टेबलावर गेला. बुधवार-गुरुवार मालक साइटवर. शुक्रवारी वसई पूर्वेच्या पुष्कळ गाळ्यांसारखी यांचीही साप्ताहिक सुट्टी. शनिवारी मालकांनी कागद बघितला आणि विचारलं, "मागच्या वेळी काय भाव होता?" कागद परत खरेदीकडे. खरेदीने अकाउंट्सकडे बघायचं, म्हणजे ताईंनी स्वतःच जुनी फाइल शोधायची. फाइल सीएकडे गेलेली आणि मध्ये आला रविवार. सोमवारी उत्तर मिळालं, मागचा भाव २०५. मालकांनी सही केली, संध्याकाळी ऑर्डर गेली. पुरवठादार म्हणाला, "आधीचं बिल बाकी आहे, ते टाका मग माल भरतो." मंगळवारी ताईंनी पैसे टाकले, त्याने ऑर्डर घेतली आणि गुरुवारी माल गेटवर आला. तेरावा दिवस.

हे सगळं लेनमध्ये मांडलं आणि मी मालकांना फक्त एकच गोष्ट मोजायला सांगितली: बाण एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये किती वेळा जातो? पुरवठादाराची लेन सोडून, गाळ्याच्या आतल्या आत. तुम्हीही मोजा. प्रॉडक्शन ते स्टोअर, स्टोअर ते खरेदी, खरेदी ते मालक, मालक ते परत खरेदी, खरेदी ते अकाउंट्स, अकाउंट्स ते खरेदी, खरेदी ते मालक, मालक ते खरेदी आणि शेवटी जुन्या बिलासाठी पुन्हा खरेदी ते अकाउंट्स. नऊ. मालकांच्या डोक्यातल्या चित्रात असे बाण चारच होते.

मग प्रत्येक चौकोनाखाली प्रत्यक्ष हाताला लागलेला वेळ लिहिला. मेसेज टाकायला ५ मिनिटं, स्टॉक बघायला २०, भाव विचारायला तासभर, मालकांचे १०, जुना भाव शोधायला ४०, ऑर्डर बनवायला १५, पैसे टाकायला १०. बेरीज दोन तास चाळीस मिनिटं! ऑर्डर स्वीकारली गेली अकराव्या दिवशी. बाकीचा सगळा वेळ कागद कोणाच्या तरी टेबलावर नाहीतर फोनमध्ये पडून होता. चौकोनात वेळ गेलाच नव्हता, बाणांवर गेला होता. हे कळल्यावर 'दोष कोणाचा' हा विषय आपोआपच मागे पडला, कारण चौघांचंही काम मिनिटांतच झालेलं दिसत होतं.

म्हणून बाणाच्या बाजूला थांबलेला वेळ लाल पेनने लिहायची सवय लावा. स्विमलेन स्वतःहून वेळ दाखवत नाही, ती त्याची मर्यादा आहे. एक इंचाचा बाण दहा मिनिटांचा असू शकतो आणि तेवढाच बाण चार दिवसांचाही.

आता मागे गेलेला तो बाण, ज्याबद्दल तुम्ही विचारलंत. मालकांच्या लेनमध्ये हिरा आहे, 'मंजूर?' मालकांनी सांगितलेल्या चित्रात त्यातून एकच बाण निघत होता, 'हो'. एकच वाट असलेला हिरा म्हणजे निर्णयच नाही, तो नुसता शिक्का. खऱ्या आयुष्यात तिथून तीन वाटा निघतात: हो, नाही आणि 'अजून माहिती द्या'. आपल्याकडे 'नाही' फारसं कोणी म्हणत नाही, 'बघू' म्हणतात. हा 'बघू' नकाशात काढायलाच हवा, कारण तो कुठे परत जातो आणि किती वेळा जातो यातच कळतं की मालकांना निर्णयासाठी काय लागतं आणि ते त्यांना आधी मिळत नाही. इथे त्यांना दोन गोष्टी लागत होत्या, मागचा भाव आणि पुरवठादाराची थकबाकी. दोन्ही अकाउंट्सच्या लेनमध्ये पडलेल्या होत्या आणि कागद मालकांकडे जाताना ती लेन ओलांडूनच पुढे जात होता. एक हजार रुपयांच्या फरकासाठी, म्हणजे किलोला पाच गुणिले दोनशे, कागद शनिवारपासून सोमवारपर्यंत फिरला. मालकांचा प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणत नाही. चांगला प्रश्न होता, फक्त तो शेवटी विचारला गेला.

यानंतर दुसरा कागद. पहिल्यावर 'आज असं चालतं' लिहिलं, दुसऱ्यावर 'असं चालवायचं'. हे दोन कधीही एका कागदावर मिसळू नका, नाहीतर आठवड्याने कोणालाच आठवत नाही की कुठला चौकोन खरा आणि कुठला ठरवलेला. नवीन क्रम असा बसला:

१. प्रॉडक्शन: इंडेंटच्या वहीत नंबर, शेड, फिनिश, किलो आणि कधीपर्यंत हवं ते लिहिणे.
२. स्टोअर: शिल्लक लिहून त्याच पानावर सही करणे.
३. खरेदी: भाव विचारून तिन्ही आकडे त्याच पानावर मांडणे.
४. अकाउंट्स: मागचा भाव आणि थकबाकी लिहिणे.
५. मालक: मंजूर, नामंजूर किंवा प्रश्न. थकबाकी असेल तर ती द्यायची परवानगी त्याच वेळी.
६. खरेदी: ऑर्डर पाठवणे.

लेन ओलांडणं नवावरून पाचवर आलं. नवीन माणूस नाही, सॉफ्टवेअर नाही. फक्त अकाउंट्सचा चौकोन मालकांच्या हिऱ्याच्या अलीकडे सरकवला आणि सगळं एका पानावर आणलं. मालक बाहेर असतील तर ताई पानाचा फोटो त्यांना पाठवतात आणि मालक उत्तरात इंडेंट नंबर लिहून मंजुरी देतात. नुसता अंगठा चालणार नाही असं ठरलं, कारण एका दिवसात तीन फोटो गेले की कुठला अंगठा कुठल्या खरेदीला ते कोण सांगणार?

एक गोष्ट यात मालकांना पटायला वेळ लागला. सॅंडपेपर, ग्लोव्हज, ड्रिल बिट यांच्यासाठीही कागद याच वाटेने जात होता. मी विचारलं, हजार रुपयांच्या ड्रिल बिटला तुमची सही का? ते म्हणाले, "कंट्रोल." मग वहीतून तीन महिन्यांच्या खरेद्या काढून रकमेप्रमाणे लावल्या. कागद बहुतेक छोट्या खरेद्यांचे होते आणि पैसा बहुतेक पत्रा आणि पावडरीचा. म्हणून अकाउंट्सच्या चौकोनाआधी अजून एक हिरा आला: '१०,००० पेक्षा कमी?' कमी असेल तर स्टोअर आणि खरेदी दोघांच्या सहीने ऑर्डर जाते, मालक महिनाअखेरीस यादी बघतात. हा आकडा या गाळ्याचा आहे, तुमचा नाही. तुमचा आकडा तुमच्या वहीतून काढा. आणि एक फट आधीच बुजवा: तीच वस्तू त्याच आठवड्यात दोन इंडेंटमध्ये तोडून मागितली तर दोन्हींची बेरीज धरायची. नाहीतर पंधरा हजारांची खरेदी साडेसात-साडेसातच्या दोन तुकड्यांत निघून जाते.

थकबाकीचा मुद्दा नुसता पुरवठादार रुसण्याचा नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होतं. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. आता हे नकाशावर बघा: माल आल्याची तारीख स्टोअरच्या लेनमध्ये, दिवस मोजायची जबाबदारी अकाउंट्सच्या लेनमध्ये, आणि या गाळ्यात या दोघांमध्ये बाणच नव्हता! काकांचं इनवर्ड रजिस्टर स्टोअरमध्ये पडून, ताई दिवस मोजायच्या बिलावरच्या तारखेवरून. तो बाण खरं तर या नकाशाच्या बाहेरचा, माल आल्यानंतरचा. पण आम्ही कोपऱ्यात तुटक रेषेने काढून ठेवला. तुमच्या पुरवठादाराला नेमकं काय लागू होतं ते मात्र त्याची उद्यम नोंदणी बघून आपल्या सीएला विचारा. व्यापारी आणि उत्पादक यांच्यात फरक पडतो.

नकाशा बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? चारही जणांना कागदाभोवती उभं करा आणि एक नवा इंडेंट घेऊन बोटाने वाट चालवा. प्रत्येकाने फक्त आपल्या लेनमध्ये बोट आल्यावर बोलायचं: मला काय मिळालं, मी काय केलं, कोणाला दिलं. "मग ते पुढे जातं" असं कोणी म्हणालं की तिथे थांबा, कोण नेतं ते विचारा. एखादा चौकोन दोन लेनच्या रेषेवर बसवायचा मोह होतो, 'दोघं मिळून ठरवतात' म्हणून. तसं करू नका. दोघांचं काम म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही. एकाच्या लेनमध्ये टाका, दुसऱ्याला विचारलं जातं हे बाणाने दाखवा. आणि एखादी लेन रिकामीच राहिली तर ती पुसून टाका, मान म्हणून ठेवू नका.

पेन्सिलीचा नकाशा दोन-तीन खरेद्यांवर टिकला की मग कॉम्प्युटरवर घ्या. draw.io फुकट आहे आणि त्यात आडव्या लेनचे आकार तयार मिळतात. सुरुवात तिथून केलीत तर चौकोन सरळ रेषेत बसवण्यातच दुपार जाते, माझी स्वतःची गेली आहे.

पुढची पावडरची मागणी आली तेव्हा मी मुद्दाम फोन करून विचारलं. रविवारी इंडेंट, सोमवारी भाव, मंगळवारी दुपारी मंजुरी आणि संध्याकाळी ऑर्डर. मध्ये एकदा पान परत आलं होतं, सुपरवायझरने फिनिश लिहायचं विसरलं म्हणून, पण ते स्टोअरमधूनच दहा मिनिटांत परत आलं, मालकांच्या टेबलापर्यंत पोचलं नाही. एक गोष्ट अजून बाकी आहे. रात्रपाळीत मशीनचा बेल्ट तुटला तर हा सगळा रस्ता कोण चालणार? त्यासाठी सुपरवायझरकडे थोडी रोख रक्कम आणि दुसऱ्या दिवशी इंडेंट, अशी छोटी वेगळी वाट काढायची आहे. रक्कम किती ठेवायची यावर मालक आणि ताई यांचं अजून जमलेलं नाही. ठरलं की तोही कागद दाखवेन.